संध्याकाळी नेट का रखडतं? प्लॅनमधली एफयूपी आणि कंटेन्शन रेशो वाचायची रीत

ताईचा फोन आला तेव्हा तिचा निकाल आधीच लागलेला होता. "रात्री नऊ वाजले की नेट मरतं. कंपनीवाले म्हणतात, आमच्याकडून सगळं ओके आहे. हा दिवसभर गेम खेळतो ना, त्याचंच हे." 'हा' म्हणजे माझा भाचा. तो बिचारा निर्दोष होता, पण ते सिद्ध करायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत जे करावं लागलं तेच इथे क्रमाने सांगतो, कारण संध्याकाळी नेट रखडण्याची बहुतेक प्रकरणं त्याच वाटेने उलगडतात.

मुळात गोंधळ एकाच गोष्टीचा असतो. संध्याकाळी नेट रखडण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. तुमची महिन्याची डेटा मर्यादा संपून कंपनीने वेग उतरवला असेल, किंवा तुमच्याबरोबर त्याच लाइनवर असलेले शेकडो लोक एकाच वेळी नेट वापरत असतील. पहिलं म्हणजे एफयूपी, दुसरं म्हणजे कंटेन्शन. घरात बसलेल्या माणसाला दोन्ही सारखीच जाणवतात, कारण बहुतेक घरांत नेटचा खरा वापर संध्याकाळीच होतो. एफयूपीने वेग चोवीस तास उतरलेला असला तरी तो लक्षात येतो रात्री, सगळे सोफ्यावर बसल्यावर. मग सगळे म्हणतात, "रात्रीचंच स्लो होतं."

आधी प्लॅनचा कागद

जाहिरात बाजूला ठेवा. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर तुमच्या प्लॅनच्या 'अटी व शर्ती' असतात, त्या उघडा. पहिल्या पानावर 'अनलिमिटेड' लिहिलेलं असेल. ते खोटं नसतं, पण ते डेटाबद्दल असतं, वेगाबद्दल नसतं. मर्यादा ओलांडल्यावर नेट बंद पडत नाही, नुसतं संथ होतं. म्हणून कंपनीच्या हिशेबात ते अनलिमिटेडच.

ताईच्या प्लॅनमध्ये चार ओळी सापडल्या: १०० एमबीपीएसपर्यंत वेग, ५०० जीबीपर्यंत, त्यानंतर ५ एमबीपीएस, बिलिंग सायकल दर महिन्याच्या ७ तारखेपासून. आणि त्याखाली बारीक अक्षरांत पाचवी ओळ होती: डेटा म्हणजे अपलोड आणि डाउनलोड मिळून. ती ओळ लक्षात ठेवा, तिच्यावरच पुढे सगळं फिरलं.

या ओळी वाचताना बिट आणि बाइट यांची गल्लत होऊ देऊ नका. वेग मेगाबिटमध्ये सांगतात, मर्यादा गिगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात. या हिशेबाने पूर्ण वेगाने डाउनलोड चालू ठेवलं तर ५०० जीबी अकरा तास आणि काही मिनिटांत संपतात. कोणी असं सलग डाउनलोड करत नाही हे खरं, पण वेगाच्या मानाने ही मर्यादा किती तोकडी आहे हे यातून कळतं. मर्यादेनंतरच्या ५ एमबीपीएसवर तासाला जेमतेम सव्वादोन जीबी येतात, म्हणजे एक एचडी व्हिडिओ कसाबसा चालतो आणि दुसऱ्या खोलीत कोणी काही लावलं की दोन्ही अडखळतात.

सायकलची तारीख वाचणं लोक विसरतात. मर्यादा महिन्याच्या एक तारखेला नव्याने सुरू होते असं आपण गृहीत धरतो. ताईकडे ती ७ तारखेला होत होती. त्यामुळे तिला वाटायचं की नेट 'महिनाअखेरीला आणि सुरुवातीला' बिघडतं. त्यामागे काही गूढ नव्हतं, तो सायकलचा शेवटचा आठवडा होता.

आणखी एक वाक्य शोधा, विशेषतः मोबाइल किंवा वायरलेस ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये: 'ठरावीक वापरानंतर नेटवर्कवर गर्दी असताना वेग कमी होऊ शकतो.' हे एफयूपीचं चलाख भावंड. यात वेग कायमचा उतरवत नाहीत, तुम्हाला रांगेत मागे उभं करतात. पहाटे रांगच नसते, म्हणून वेग पूर्ण मिळतो. रात्री रांग लागते आणि तुमचा नंबर शेवटी. बाहेरून हे हुबेहूब कंटेन्शनसारखं दिसतं. फरक इतकाच की ते महिन्याच्या पहिल्या दिवसापासून नसतं, विशिष्ट वापर झाल्यावर सुरू होतं.

कंटेन्शन रेशो कुठला आणि कशाचा

एफयूपी कागदावर निदान सापडते. कंटेन्शन रेशो, म्हणजे ग्राहकांना विकलेला एकूण वेग आणि लाइनची खरी क्षमता यांचं प्रमाण, घरगुती प्लॅनमध्ये बहुधा लिहिलेलाच नसतो. पूर्वी लिहायचे. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास एडीएसएल आलं तेव्हा घरगुती जोडणीला ५०:१ आणि व्यावसायिक जोडणीला २०:१ असा आकडा सर्रास सांगितला जायचा. आता तो विचारून घ्यावा लागतो, आणि विचारताना 'कुठल्या टप्प्यावरचा' हेही विचारावं लागतं.

कारण तुमची लाइन एकच वाटली तरी ती बऱ्याच ठिकाणी वाटून घेतलेली असते. फायबरचं उदाहरण घेऊ. घरातल्या डब्यातून निघालेली काच-तार बाहेरच्या एका स्प्लिटरला जाते. तिथे सहसा ३२ किंवा ६४ घरांच्या तारा एका तारेत मिळतात. ती तार कंपनीच्या ओएलटी नावाच्या यंत्राला जाते. अशी बरीच यंत्रं आणि बऱ्याच तारा मिळून एका अपलिंकवर, म्हणजे पुढे नेणाऱ्या सामायिक लाइनवर येतात, अपलिंक कंपनीच्या मुख्य नेटवर्कला, आणि तिथून पुढे बाहेरचं जग.

लोक दोष स्प्लिटरला देतात, पण तिथला हिशेब करून बघा. घरगुती फायबरच्या जीपॉन तंत्रात एका तारेवर डाउनलोडसाठी सुमारे २.५ गिगाबिट मिळतात. ३२ घरांना प्रत्येकी १०० मेगाबिट विकले तर विक्री झाली ३.२ गिगाबिटची. म्हणजे क्षमतेच्या सव्वापटीहून थोडीच जास्त. एवढ्याने कोणाची संध्याकाळ बिघडत नाही. दाटी होते ती पुढच्या अपलिंकवर. समजा एका अपलिंकची क्षमता १ गिगाबिट आहे आणि तिच्यावर १०० मेगाबिटचे ५०० ग्राहक आहेत. विकलेले झाले ५० गिगाबिट, हातात आहे १. हाच ५०:१.

इथे एक सरळ वाटणारी चूक होते. १०० भागिले ५०, म्हणजे मला २ मेगाबिटच मिळणार, असं लोक धरतात. पाचशेच्या पाचशे घरांनी एकाच सेकंदाला पूर्ण वेगाने डाउनलोड केलं तरच तसं होईल, आणि तसं होत नाही. रात्री साडेनऊचं चित्र साधारण असं असतं: समजा दीडशे घरांत एचडी व्हिडिओ चालू आहेत, प्रत्येकी ५ मेगाबिट, म्हणजे ७५० मेगाबिट. उरले २५०. बाकीच्या घरांतले लोक मेसेज वाचताहेत, त्यांचा भार नगण्य. अशा वेळी सात जण मोठ्या फाइल उतरवत असतील तर त्या २५० मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३५ येतात. वाटप इतकं काटेकोर नसतं, कोणी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून जास्त ओढतो, पण अंदाज म्हणून हे पुरेसं आहे.

आता गंमत बघा. तुम्ही स्पीड टेस्ट लावता तेव्हा तुम्हीही त्या मोठी फाइल उतरवणाऱ्यांतलेच एक होता. टेस्टमध्ये ३५ दिसतात, आणि तरी तुमचा सिनेमा व्यवस्थित चालतो, कारण त्याला पाचच हवे असतात. 'टेस्ट ३५ दाखवते पण व्हिडिओ अडकत नाही' ही तक्रार ऐकली की मला कंटेन्शनचा संशय येतो. 'टेस्ट ४.८ दाखवते आणि सगळंच अडकतं' हे ऐकलं की मी आधी बिलिंग सायकलची तारीख विचारतो.

नुसता आकडा ऐकूनही फसायला होतं. ५०:१ हा रेशो १०० मेगाबिटच्या एका अपलिंकवर ५० ग्राहकांचा असू शकतो आणि १० गिगाबिटवर ५००० ग्राहकांचाही. रेशो तोच, अनुभव अगदी वेगळा. पहिल्या ठिकाणी एकाच माणसाने गेमचं मोठं अपडेट सुरू केलं की अख्खी लाइन त्याची. दुसऱ्या ठिकाणी असे वीस जण असले तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून मला विचाराल तर लहान केबलवाल्याच्या ३०:१ पेक्षा मोठ्या नेटवर्कचा ५०:१ मी आनंदाने घेईन. कंपनीला विचारायचा खरा प्रश्न असा: 'माझ्या भागाची अपलिंक रात्री नऊ ते अकरा या वेळेत किती टक्के भरलेली असते?' उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारणाऱ्याला काहीतरी कळतं हे समोरच्याला समजतं, आणि पुढचं बोलणं बदलतं.

मोजायला बसा

मोजमापातली पहिली अट: वाय-फाय नको. लॅपटॉपला लॅन केबल लावा आणि ती थेट राउटरला जोडा. संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे वाय-फाय जोरात चालतात, त्यांची एकमेकांत आडकाठी होते, आणि तुमचं वाय-फाय नेमकं त्याच वेळी खालावतं. ही तिसरी शक्यता केबलने पहिल्याच फटक्यात बाजूला होते. केबल लावल्यावर संध्याकाळ एकदम सुधारली तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न घरातच आहे.

मग दिवसातून तीनदा मोजा: पहाटे सहाच्या सुमारास, दुपारी एकदा, आणि रात्री साडेनऊला. त्या वेळी घरातली बाकीची उपकरणं शक्य तेवढी शांत असू द्या. दर तासाला टेस्ट लावायचा मोह आवरा. १०० एमबीपीएसवर दहा सेकंदांच्या डाउनलोड टेस्टला १२५ एमबी लागतात, अपलोडही तेवढाच असेल तर एका टेस्टला पाव जीबी. दर तासाला केली तर दिवसाला ६ जीबी, महिन्याला १८०. एफयूपीचा शोध घेता घेता एफयूपीच संपवल्यासारखं होईल. तीन वेळा पुरतात.

टेस्टचा सर्व्हर निवडता येतो, तो दोन तऱ्हेने निवडून बघा. ॲप आपणहून बऱ्याचदा तुमच्या कंपनीच्याच नेटवर्कमधला सर्व्हर निवडतं. दाटी कंपनीच्या नेटवर्कच्या बाहेर पडणाऱ्या दारावर असेल तर हा आकडा सुरेख येतो आणि तुम्हीच खोटे पडता. म्हणून रात्रीची एक टेस्ट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर करा. आतला ९० आणि बाहेरचा ३० असेल तर अपलिंक ठीक आहे, गर्दी दारावर आहे.

वेगाबरोबर पिंग नोंदवा, म्हणजे सर्व्हरला मारलेल्या हाकेचं उत्तर परत यायला लागणारा वेळ. खरं तर मला पिंग जास्त बोलका वाटतो, कारण तो डेटा जवळजवळ खात नाही आणि रांग थेट दाखवतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरला पन्नास वेळा हाक मारते. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला. केबलवर उत्तर एखाद्या मिलिसेकंदात यायला हवं, पहाटेही आणि रात्रीही. इथेच वीस-तीस आले तर दोष घरातला. दुसरी ओळ बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारते. पहाटे ९ आणि रात्री ७० असा फरक पडत असेल, आणि घरात त्या वेळी दुसरं काही चालू नसेल, तर मधे कुठेतरी डेटाची पाकिटं रांगेत उभी आहेत. तिसरी ओळ वाटेतले टप्पे दाखवते, त्यातून रांग कितव्या टप्प्यापासून सुरू होते याचा अंदाज येतो.

tracert वाचताना एक ठोकर सगळ्यांना लागते. मधल्याच एखाद्या टप्प्यावर १५० दिसतात आणि पुढच्या टप्प्यांवर पुन्हा १२. लोक लगेच त्या टप्प्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडतात. त्याला अर्थ नसतो. तो राउटर तुमचा डेटा वेळेवर पुढे ढकलतो आहे, फक्त तुमच्या हाकेला उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम आहे. रांग खरी असेल तर ती ज्या टप्प्यावर सुरू होते तिथून शेवटपर्यंत सगळे आकडे चढेच राहतात.

ताईची वही

ताईने खरंच वही घातली. तिच्यातल्या निवडक ओळी अशा. वेग एमबीपीएसमध्ये, पिंग बाहेरच्या सर्व्हरचा, मिलिसेकंदात.

| तारीख | पहाटे ६ | दुपारी ३ | रात्री ९:३० | पहाटेचा पिंग | रात्रीचा पिंग |
|---|---|---|---|---|---|
| २४ | ९३ | ८८ | ३७ | ९ | ७१ |
| २६ | ९२ | ९० | ३४ | ९ | ८४ |
| २८ | ९३ | ८६ | ४.८ | ९ | ७३ |
| २९ | ४.८ | ४.८ | ४.७ | ९ | ६९ |
| ५ | ४.८ | ४.८ | ४.८ | १० | ७६ |
| ७ | ९३ | ८९ | ३६ | ९ | ७४ |

२८ तारखेची ओळ बघा. दुपारपर्यंत ८६ आणि रात्री ४.८. तिथे मर्यादा संपली. त्यानंतर पहाट, दुपार, रात्र सगळीकडे तोच आकडा, जणू पट्टीने रेघ मारली आहे. एफयूपीची ओळख हीच: ती सपाट असते. गर्दी कधी इतकी नीटनेटकी नसते. गर्दीचा आकडा आज ३७, उद्या ३४, सुट्टीच्या दिवशी आणखी काही. ७ तारखेला सायकल बदलली आणि वेग पहाटेच पूर्ववत झाला.

पण पिंगच्या शेवटच्या रकान्याकडे लक्ष द्या. मर्यादा संपायच्या आधी, संपल्यावर आणि सायकल नव्याने सुरू झाल्यावर, रात्रीचा पिंग सत्तरच्या आसपासच आहे. म्हणजे ताईकडे दोन्ही दुखणी एकत्र होती. बाहेरची गर्दी रोज रात्री होतीच, आणि महिन्याचे शेवटचे नऊ दिवस तिच्यावर एफयूपीचं झाकण बसत होतं. नुसता वेग मोजला असता तर २९ तारखेपासून गर्दी आपल्याला दिसलीच नसती.

५०० जीबी गेले कुठे

कंपनीच्या ॲपमध्ये 'डेटा वापर' म्हणून रोजचा आलेख असतो. ताईकडे तो दिवसाला साधारण २३ जीबी दाखवत होता. त्या गतीने ५०० जीबी बाविसाव्या दिवशी संपतात. सायकल ७ तारखेची, बाविसावा दिवस २८ तारीख. वहीशी तंतोतंत जुळलं.

मग २३ ची फोड. घरात रोज एकूण चार तास एचडी व्हिडिओ चालायचा. ५ मेगाबिटने तासाला सव्वादोन जीबी, म्हणजे ९ जीबी. भाच्याचा गेम आम्ही वेगळा मोजला. खेळताना गेमला अतिशय कमी डेटा लागतो, जड असतात ती त्याची अपडेट्स, आणि ती रोज येत नाहीत. गेम, मेसेज, इतर सगळं धरून ३ जीबी. राहिले ११.

ॲपमधल्या आलेखावर अपलोड वेगळा करून बघितला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. रोज जवळपास ११ जीबी अपलोड. घरात कोणी काही अपलोड करत नव्हतं, एक सोडून: दारावरचा कॅमेरा. तो रात्रंदिवस रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवत होता. वेग फक्त १ मेगाबिट, कोणाच्या नजरेत न येणारा. पण १ मेगाबिट चोवीस तास म्हणजे १०.८ जीबी, महिन्याला ३२४ जीबी. म्हणजे मर्यादेचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा रिकाम्या दाराचं चित्रण खात होतं. अटींमधली ती पाचवी ओळ, अपलोड आणि डाउनलोड मिळून, इथे उपयोगाला आली.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'सतत रेकॉर्डिंग' बदलून 'हालचाल दिसली तरच' केलं. अपलोड दिवसाला २ जीबीच्या आसपास आला, एकूण वापर १४. तीस दिवसांचे ४२०. पुढच्या सायकलमध्ये मर्यादा संपलीच नाही. (भाच्याची माफी अजून मागितली गेलेली नाही.)

तुमच्याकडे कॅमेरा नसेल तर फोनचे फोटो-व्हिडिओ बॅकअप, कॉम्प्युटरचे क्लाउड सिंक आणि कोणी न बघता चालू राहिलेला टीव्ही यांच्यावर आधी संशय घ्या. कंपनीचा आकडा आणि तुमच्या राउटरचा आकडा थोडा जुळला नाही तर लगेच भांडू नका. काही जण गिगाबाइट १००० ने मोजतात, काही १०२४ ने, आणि त्याने गिगाबाइटच्या पातळीवर सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. त्याहून मोठी तफावत असेल तर जरूर विचारा.

उरलेली गर्दी

एफयूपीचा प्रश्न घरात सुटला. कंटेन्शन तुमच्या हातात नसतं, आणि इथेच लोक पैसे वाया घालवतात. रात्री ३५ मिळतात म्हणून १०० चा प्लॅन ३०० चा करतात. पण प्लॅन बदलल्याने अपलिंक रुंद होत नाही. १०० मेगाबिटची परवानगी असताना तुम्हाला वाटेत ३५ च मिळत असतील तर ३०० ची परवानगी घेऊन तुम्ही त्याच दाटीत उभे राहता. वरच्या प्लॅनला कंपनी रांगेत पुढे घेत असेल तरच फायदा, आणि तसं असेल तर ते लेखी विचारा. मोठा प्लॅन घ्यायचं एकच भक्कम कारण म्हणजे त्याची एफयूपी मर्यादा जास्त असणं, तेही घरातली गळती शोधून झाल्यावर.

राउटरमध्ये वेगावर स्वतःच लगाम घालायची सोय असते, काही जण ती सुचवतात. तुमच्याच घरातल्या डाउनलोडमुळे व्हिडिओ कॉल तुटत असेल तर ती छान काम करते. पण रांग अपलिंकवर लागली असेल तर ती रांग तुमच्यासारख्या पाचशे घरांची आहे, तुमच्या एकट्याच्या लगामाने ती फारशी हलत नाही. जड कामं, म्हणजे अपडेट्स आणि बॅकअप, पहाटेवर ढकलणं हे मात्र लगेच जमण्यासारखं आहे.

तक्रार करताना 'पर्यंत' हा शब्द आडवा येतो. १०० पर्यंत म्हटल्यावर ३५ हेही त्यात बसतं. म्हणून 'वेग कमी आहे' असं लिहू नका. तुमच्या कराराच्या कागदात किमान वेग दिला आहे का ते आधी बघा. युरोपीय संघात २०१५ च्या नियमानुसार स्थिर ब्रॉडबँडच्या करारात किमान, सामान्यतः मिळणारा आणि कमाल वेग वेगळे लिहावे लागतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीतला सरासरी वेग रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा असावा लागतो. असे नियम जिथे आहेत तिथे तुमची वही थेट कामाची. जिथे नाहीत तिथेही ती तुम्हाला 'राउटर बंद करून चालू करा' या पायरीच्या पुढे नेते.

ताईने लिहिलं ते एवढंच: केबलवर मोजलं आहे, राउटरपर्यंतचा पिंग दिवसरात्र १ आहे, बाहेरचा पहाटे ९ आणि रात्री ७० च्या वर, चढ tracert च्या तिसऱ्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकतो, मर्यादा संपलेली नाही, चौदा दिवसांची नोंद जोडली आहे, अपलिंकचा रात्री नऊ ते अकराचा वापर तपासावा. पहिलं उत्तर ठरलेलंच आलं, माणूस पाठवतो. माणूस आला, वही बघितली, आपल्या फोनवर काहीतरी उघडून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या भागाची लाइन रात्री फुल जाते. वर कळवतो."

पाच आठवडे काहीच झालं नाही. ताई मोजत राहिली, आता तिला सवयच लागली होती. मग एका रात्री साडेनऊला वहीत नोंद पडली: ८४, पिंग ११. कंपनीकडून फोन नाही, मेसेज नाही. दुसऱ्या रात्री ८६, तिसऱ्या रात्री ८१.